मेंदीने पांढरे केस नारिंगी झालेत आणि सकाळी इंटरव्ह्यू आहे: एका रात्रीत काय करता येतं

मे महिन्यातली संध्याकाळ. पावणेआठला भाच्याचा फोन आला. "मावशी, घरीच आहेस ना? मी येऊन राहिलो." दहा मिनिटांत तो दारात उभा होता, डोक्याला दुपट्टा गुंडाळून. नागपुरात मे महिन्यात भर दुपारी दुपट्टा सगळेच बांधतात, पण दिवस मावळल्यावर कोणी बांधत नाही. त्याने तो सोडला तेव्हा कारण कळलं. दोन्ही कानशिलं आणि भांगाच्या बाजूची एक पट्टी संत्र्याच्या सालीसारखी नारिंगी झाली होती. मधले काळे केस मात्र काळेच होते, त्यामुळे ती पट्टी आणखीच उठून दिसत होती.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मिहानमधल्या एका कंपनीत त्याचा इंटरव्ह्यू होता. वय सव्वीस, आणि विसाव्या वर्षापासून केस पिकायला लागलेले. हे त्याच्या वडिलांच्या घराण्यातच आहे. आधीच्या दोन इंटरव्ह्यूंना आपण वयाने मोठे वाटलो, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. म्हणून या वेळी पांढरे केस झाकायचे आणि तेही केमिकल न वापरता, असं त्याने ठरवलं. यात त्याचं काही चुकलं नव्हतं. चूक भिजवण्यात झाली होती, आणि हीच चूक मी सतरा वर्षांच्या पार्लरच्या कामात इतक्या वेळा पाहिली आहे की आता सगळं सविस्तर लिहून ठेवते.

मी आधी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि काय काय केलं ते सुरुवातीपासून सांगायला लावलं. त्याने मेंदी पावडर आणि केसांची नीळ, म्हणजे दुकानात इंडिगो पावडर म्हणून मिळते ती, दोन्ही एकाच लोखंडी कढईत घेतल्या. त्यात चहाचं पाणी आणि दोन लिंबांचा रस घातला. आदल्या रात्री भिजवून झाकून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता डोक्याला थापलं. दोन तासांनी शॅम्पूने धुतलं. लेप कोळशासारखा काळा होता, त्यामुळे केसही काळे होतील अशी त्याची खात्री होती. धुऊन पंख्याखाली केस सुकवले आणि आरशात पाहिलं, तेव्हा हे दिसलं.

इथे थांबून एक गोष्ट तपासायला हवी, कारण पुढचा सगळा उपाय तिच्यावर अवलंबून आहे. नेमके कुठले केस नारिंगी झाले? फक्त पांढरे झाले असतील आणि काळ्यांवर उन्हात किंवा बल्बच्या उजेडात जेमतेम लालसर झाक दिसत असेल, तर केसांवर रंग चढला आहे. म्हणजे हे मेंदीचं काम. पण काळे केसही नारिंगी झाले असतील, तर केसांतला मूळ रंग उतरला आहे. म्हणजे ब्लीच किंवा पेरॉक्साइड लागलं आहे. काळ्या केसात गडद रंगद्रव्याखाली लालसर-पिवळं रंगद्रव्य असतं आणि ब्लीच केल्यावर ते सगळ्यात शेवटी जातं. अर्धवट ब्लीच केलेले केस म्हणूनच नारिंगी दिसतात. खाली सांगते तो उपाय त्या केसांसाठी नाही. तिथे पार्लरमध्ये जाऊन वरून गडद शेड लावून घ्यावी लागते.

भाच्याचं प्रकरण सरळ मेंदीचं होतं. मग नीळ कुठे गेली? हे समजून घेतलं तर पुढच्या वेळी ही वेळ येणार नाही.

मेंदीच्या पानातला रंग हळूहळू सुटतो. त्याला थोडा आंबटपणा आणि वेळ लागतो, म्हणून ती लिंबू किंवा चहाच्या पाण्यात सात-आठ तास भिजवतात. नागपूरच्या उन्हाळ्यात त्याच्याही आधी ती तयार होते. हा रंग केसांतल्या प्रथिनाला पक्का चिकटतो. पण तो पारदर्शक नारिंगी रंग आहे. हळदीचा डाग पांढऱ्या सदऱ्यावर कसा दिसतो आणि काळ्या पँटवर कसा, तसंच हे. काळ्या केसांवर तो लपतो, पांढऱ्यावर संत्र्यासारखा दिसतो.

निळीचा स्वभाव याच्या अगदी उलटा. तिच्या पानात तयार निळा रंग नसतोच. पाणी लागलं की पानातून एक बिनरंगी पदार्थ सुटतो. तो पाण्यात विरघळतो, बारीक असतो, त्यामुळे केसात शिरू शकतो. आत गेल्यावर हवेशी गाठ पडून त्याचा निळा रंग बनतो आणि तो पाण्यात विरघळत नाही, म्हणून धुतला तरी जात नाही. आता हीच क्रिया केसाऐवजी कढईत झाली तर? निळा रंग कढईतच बनून बसतो आणि मग तो केसात शिरूच शकत नाही. नुसता चिखल होतो, वर थापायचा आणि धुऊन टाकायचा. भिजवल्यापासून अर्ध्या-पाऊण तासात निळीचा जोर उतरायला लागतो. भाच्याने ती रात्रभर आणि वर अर्धा दिवस ठेवली, तीही मे महिन्यात. लिंबाने त्यात भर घातली, कारण आंबटपणात नीळ नीट सुटत नाही. म्हणजे डोक्याला लेप लावला तेव्हा त्यात कामाची एकटी मेंदीच उरली होती.

आणि लेप काळा का दिसत होता? ती लोखंडी कढईची करामत. मेंदी आणि चहातला तुरटपणा लोखंडाशी मिळाला की काळपट होतो. रंग थोडा गडद येतो हे खरं, पण पांढरा केस त्याने काळा होत नाही. लेपाच्या रंगावरून केसांच्या रंगाचा अंदाज बांधू नका.

तेवढ्यात ताईचा, म्हणजे त्याच्या आईचा फोन. "अगं, कोपऱ्यावरच्या दुकानातून काळी मेंदी आणून लावून दे ना पटकन. बाप्पा, सकाळी पोरानं जायचं कसं?" मी साफ नाही म्हटलं. काळी मेंदी म्हणून जी पाकिटं येतात, त्यांतल्या बहुतेकांचा काळेपणा मेंदीचा नसतो, पीपीडी नावाच्या रसायनाचा असतो. पाकिटावर बारीक अक्षरांत पॅरा-फेनिलीनडायमिन लिहिलेलं सापडेल. ते सगळ्यांनाच त्रास देतं असं नाही. पण ज्याला देतं त्याचे डोळे, कान, कपाळ सुजतं, आणि ते बऱ्याचदा लगेच नाही, एक-दोन दिवसांत दिसतं. म्हणूनच ४८ तास आधी कानामागे थोडं लावून बघायचं असतं. भाच्याने आयुष्यात कधी डाय लावलेला नव्हता आणि हातात पंधरा तास होते. नारिंगी केसांनी इंटरव्ह्यू देता येतो, सुजलेल्या डोळ्यांनी देता येत नाही.

त्याचा मित्र फोनवर ब्लीच सुचवत होता. ते तर त्याहून वाईट. मेंदीचा रंग ब्लीचने पूर्ण निघत नाही, चकचकीत नारिंगी होऊन उरतो, आणि शेजारचे काळे केसही नारिंगी होतात. शिवाय बाजारातल्या काही मेंदीत धातूचे क्षार मिसळलेले असतात. त्यावर पेरॉक्साइड पडलं की केस तापतात, अक्षरशः वाफ येते. लिंबू, बेकिंग सोडा, टूथपेस्ट, यांतल्या कशानेही केसाला धरलेली मेंदी निघत नाही. केस बारीक करण्याचा विचार मी केला होता. पण त्याने लेप मुळापासून लावला होता, त्यामुळे मशीनने कितीही बारीक केले तरी खाली नारिंगी खुंटच राहिले असते.

राहिला एकच रस्ता, आणि तो चांगला रस्ता आहे. मेंदी लागलेल्या केसावर ताजी नीळ लावायची. नारिंगीवर निळा चढला की गडद तपकिरी ते काळा रंग येतो. पांढरे केस काळे करायची जुनी रीत हीच आहे, आधी मेंदी, मग नीळ. भाच्याची पहिली पायरी नकळत झालीच होती, दुसरी फुकट गेली होती. ती पुन्हा करायची होती, एवढंच.

माझ्याकडची नीळ संपली होती. त्याला म्हटलं, सक्करदऱ्याच्या चौकातून घेऊन ये. इतवारीतली काष्ठौषधीची दुकानं त्या वेळी बंद झालेली असणार. तो वीस मिनिटांत परत आला आणि हातात कपड्यांच्या निळीची बाटली! दुकानदाराने नीळ म्हटल्यावर तीच काढून दिली. हे फार वेळा होतं, म्हणून मुद्दाम सांगते. पांढऱ्या कपड्यांना देतो ती नीळ वेगळी वस्तू आहे, ती केसांना लावायची नाही. आपल्याला निळीच्या झाडाच्या पानांची पावडर हवी. पाकिटावर इंडिगोफेरा टिंक्टोरिया असं झाडाचं नाव आणि त्याखेरीज काहीही नको. पॅकिंगची तारीख सहा-आठ महिन्यांच्या आतली असली तर उत्तम. जुनी पावडर, विशेषतः दुकानाच्या काचेत उन्हात राहिलेली, मेलेली असू शकते. चांगली पावडर हिरवी असते, वास सुकलेल्या हिरव्या चाऱ्यासारखा येतो. ती निळीच दिसत असेल किंवा तपकिरी पडली असेल, तर परत करा. दुसऱ्यांदा तो आयुर्वेदिक दुकानातून बरोबर पाकीट घेऊन आला, शंभर ग्रॅमचं. पुरुषाच्या आखूड केसांना तेवढं पुरून उरतं.

तो येईपर्यंत मी ताईला आणखी एक प्रश्न विचारून घेतला होता. धुतल्यावर तेल लावलं का? लावलं होतं. रंग जरा दबेल म्हणून तिनेच खोबरेल चोळून दिलं होतं. तेलकट केसावर नीळ धरत नाही. म्हणून आधी साध्या शॅम्पूने दोनदा केस धुतले, कंडिशनर न लावता टॉवेलने टिपले आणि ओलसरच ठेवले.

मग चिनी मातीच्या वाडग्यात सगळ्यात आधी दोनच चमचे पावडर कोमट पाण्यात कालवली. उकळतं पाणी नको, बोट सहज बुडवता येईल इतपत. पाण्याशिवाय काही नाही, फक्त चिमूटभर मीठ. लिंबू, दही, चहा यांपैकी काहीही चालत नाही. दहा-पंधरा मिनिटांनी वरचा थर गडद निळसर झाला. काडीने बाजूला सारला तर आत हिरवं. हीच जिवंत निळीची खूण आहे. एक थेंब टिश्यू पेपरवर टाकला, भोवती ओल पसरली आणि बघता बघता ती कड हिरव्याची निळी झाली. भाचा वाकून बघत होता. कढईतला उरलेला कालचा लेपही त्याने डब्यात घालून आणला होता, त्याचाही एक थेंब शेजारी टाकला. त्याच्याभोवती नुसती तपकिरी-नारिंगी ओल पसरली. निळ्याचा मागमूस नाही. "म्हणजे हे मेलं होतं?" तो म्हणाला. हो, सकाळीच.

हे दोन चमचे उजव्या कानामागच्या नारिंगी बटेवर लावले आणि थोडंसं कोपराच्या आतल्या बाजूला. निळीने कातडीला त्रास होणं क्वचित घडतं, पण घडतं. अर्ध्या तासाने बट धुतली तेव्हा ती हिरवट तपकिरी दिसली. त्याचा चेहरा उतरला. "मावशी, आता हिरवे?" घाबरायचं नाही. धुतल्या धुतल्या हिरवट झाक असतेच, हवा लागली की ती निळसर-काळी होत जाते. पंख्यासमोर वीस मिनिटं बसवलं, तेवढ्यात ती बट तपकिरीकडे सरकली. हातावरही खाज नव्हती, लाली नव्हती. तेव्हा कुठे मी बाकीची नीळ भिजवली. ही बटेची चाचणी घाईत सगळे टाळतात. पण पावडर मेलेली असेल तर ते अर्ध्या तासात कळतं आणि दुसरं पाकीट आणायला वेळ उरतो.

पाणी मी थोडं थोडं घातलं, घट्ट दह्याइतकं होईपर्यंत. वर छोटा चमचाभर मीठ. पंधरा मिनिटं ठेवलं आणि लगेच लावायला घेतलं, कारण आता घड्याळ सुरू झालं होतं. कपाळाच्या कडेला आणि कानांवर व्हॅसलिन, हातात मोजे. सुरुवात कानशिलांपासून केली, कारण तिथले पांढरे केस जाड आणि हट्टी असतात आणि त्यांना सगळ्यात ताजा लेप मिळायला हवा. नीळ मेंदीसारखी मऊ पसरत नाही, ओल्या वाळूसारखी भुरभुरते. त्यामुळे बारीक बारीक भाग उचलून मुळाशी दाबून बसवावी लागते. वरवर फासली तर मधे नारिंगी ठिपके राहतात. सगळं वीस मिनिटांत संपवलं आणि वर प्लॅस्टिकची टोपी घातली, कारण लेप सुकला की काम थांबतं. कुलर समोरून बाजूला वळवला, तोही याच कारणासाठी. तेव्हा पावणेअकरा झाले होते.

दीड तास ठेवलं. तो तेवढ्या वेळात माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर जीएसटीच्या नोट्स वाचत बसला. मी त्याला वरण-भात वाढला, तो अर्धाच खाल्ला.

सव्वाबाराला नुसत्या पाण्याने धुतलं. पाणी स्वच्छ येईपर्यंत बराच वेळ लागतो, भुगा निघतच राहतो. शेवटी थोडं कंडिशनर लावलं की तो सुटतो. शॅम्पू अजिबात नाही, त्या रात्रीही नाही आणि पुढचे दोन दिवसही नाही. रंग पक्का व्हायला तेवढा वेळ लागतो. तेलही तोवर नको. उशीवर जुना टॉवेल टाक म्हटलं, ओल्या केसांचा निळा डाग अभ्र्याला लागतो. कपाळाच्या कडेला दुपारच्या मेंदीची नारिंगी रेघ उरली होती. ती तेलाच्या बोळ्याने, केसांना तेल न लागेल अशा बेताने, हळूहळू पुसली. पूर्ण गेली नाही, पण लांबून दिसेनाशी झाली.

झोपताना रंग गडद तपकिरी होता आणि ट्यूबलाइटखाली हिरवट झाक होती. सकाळी सात वाजता खिडकीशी उभं करून पाहिलं. कानशिलं काळसर तपकिरी, बाकी केसांत मिसळलेली. नवख्या माणसाला कळलंही नसतं. डाव्या कानामागे चार-पाच केसांचा एक झुबका मात्र नारिंगीच राहिला. तिथे लेप पातळ लागला होता, ते माझं चुकलं. कात्रीने तो मुळाशी कापून टाकला. असा मोठा पट्टा राहिला, तर त्याच जागी ताजी नीळ दुसऱ्यांदा लावता येते. जाड पांढऱ्या केसांना कधी कधी दोन वेळा लागतेच.

एक गोष्ट त्याला निघताना सांगितली, तुम्हालाही सांगते. निळीवर पुढे कधी ब्लीच किंवा हायलाइट करायला जाऊ नका, केस हिरवे होतात आणि तो हिरवा सहज जात नाही. केस कापायला जाल तिथेही मेंदी-नीळ लावल्याचं आधीच सांगा.

हे सगळं आदल्या रात्री करावं लागलं, कारण मुलं मेंदी नेहमी आदल्याच दिवशी लावतात. नेमकी तीच वेळ सगळ्यात वाईट. धुतल्या दिवशी मेंदी सर्वांत भडक असते, दोन-तीन दिवसांत ती हवेने गडद होत तांबूस-तपकिरी होते. इंटरव्ह्यू असो की लग्न, चार दिवस आधी लावा. नीळही तोवर पूर्ण काळी होते आणि शॅम्पूही करता येतो.

दुपारी अडीचला त्याचा फोन आला. केसांबद्दल कोणी शब्द काढला नव्हता. इनपुट टॅक्स क्रेडिटवरचे दोन प्रश्न अडखळले, पण दुसऱ्या फेरीला बोलावलं होतं, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. मी हिशेब केला. तोवर मुळाशी नवे पांढरे केस दिसायला लागतील. म्हणून त्याला चार दिवस आधीच्या रविवारी बोलावलं. शनिवारी रात्री त्याने आपल्या घरी मेंदी भिजवली, फक्त मेंदी. सकाळी ती फक्त मुळांना दोन तास लावली. ती धुऊन माझ्याकडे आला तेव्हा निळीचं पाकीट न फोडलेलं त्याच्या हातात होतं, आणि टिश्यू पेपरही त्यानेच खिशातून काढला.